मोहरीचं तेल धूर निघेपर्यंत तापवायचं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची सांगलीची. लग्नानंतर अकरा वर्षं कोलकात्यात काढली, आणि तिथे मोहरीच्या तेलाशी आधी भांडण आणि मग मैत्री झाली. पाटण्याला, लखनौला, कोलकात्याला बदली होऊन गेलेली मराठी मंडळी, घरात बंगाली सून किंवा जावई आलेले लोक, यूट्यूबवर पाहून पहिल्यांदाच ही बाटली आणलेले लोक मला या तेलाबद्दल साधारण तेच तेच विचारतात. ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी साधे, मग अडचणीचे.

१. मोहरीचं तेल आधी धूर निघेपर्यंत तापवा असं सगळे सांगतात. ते कशासाठी?

कच्च्या घाणीच्या मोहरीच्या तेलाला उग्र झणका असतो. बाटलीचं बूच उघडून नाक जवळ नेलं की कळतंच. तसंच तेल कढईत ओतून थोडं कोमट होताच भाजी टाकली, तर तो झणका आणि एक कचवट, किंचित कडसर चव पदार्थात उतरते. म्हणून बंगाल, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेश, काश्मीर अशा सगळ्या भागांत तेल आधी कडक तापवतात, त्यातून धूर निघू लागला की आच कमी करतात आणि मगच फोडणी घालतात. तेलाचा रंग उतरतो, फेस बसतो आणि वास मवाळ होतो. रीत ही अशी. ती अगदी धुरापर्यंतच न्यावी लागते का, हे प्रश्न ३ मध्ये आहे, आणि या पानावरचा मुख्य मुद्दा तोच आहे.

२. फोडणीत मोहरी घालतो तेव्हा नाकात काहीच जात नाही. मग तिच्याच तेलाला एवढा झणका कुठून?

याचं उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात आहे. लोणच्यासाठी किंवा रायत्यासाठी मोहरी फेसताना काय होतं ते आठवा. कोरडी मोहरीची पूड हुंगली तर फार काही वाटत नाही. त्यात पाणी घालून फेसायला लागलं की दोन मिनिटांत डोळ्यांतून पाणी येतं. म्हणजे झणका मोहरीत तयार बसलेला नसतो, तो त्या वेळी तयार होतो. मोहरीच्या दाण्यात एक गंधकयुक्त द्रव्य आणि एक विकर (एन्झाइम) वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. दाणा फुटला, ओल मिळाली की दोघं एकत्र येतात आणि त्यातून अलाइल आयसोथायोसायनेट नावाचं उडून जाणारं द्रव्य बनतं. नाकात जातं ते हे. पुढे मी त्याला नुसतं 'झणका'च म्हणणार आहे.

फोडणीत अख्खी मोहरी थेट गरम तेलात पडते. तिथे ते विकर उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे मोहरी तडतडते, खमंग होते, पण झणझणत नाही. घाण्यात मात्र मोहरी चिरडली जाते आणि गाळताना तिच्यावर थोडं पाणीही शिंपडतात. झणका तिथेच तयार होतो आणि तेलात विरघळून राहतो. तेलातलं त्याचं प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली असतं, पण नाकाला तेवढं पुरतं.

३. मग खरंच धूर निघेपर्यंत तापवणं गरजेचं आहे का?

झणका घालवण्यासाठी गरजेचं नाही. एवढं मी आता ठामपणे सांगते, आणि त्याचं कारणही सांगते.

झणक्याचं ते द्रव्य शुद्ध स्वरूपात सुमारे १५० अंश सेल्सिअसला उकळतं. मोहरीच्या तेलाला धूर यायला त्याहून खूप जास्त तापमान लागतं. पुस्तकांतून साधारण २५० अंश दिलेलं असतं. मधे जवळजवळ शंभर अंशांचं अंतर आहे. तेलात विरघळलेलं द्रव्य १५० ला एकदम भुर्रकन उडून जात नाही हे खरं. ते हळूहळू निघतं, आणि कोमट तेलातूनही थोडं थोडं निघतच असतं. पण तेल १८० च्या आसपास दोन-तीन मिनिटं राहिलं, पसरट कढईत असलं, की त्यातलं बहुतेक निघून जातं. तेल तापत असताना, धूर दिसायच्या आधीच, डोळे चुरचुरतात ना? तेव्हा उडून जातो तो झणका. धूर येईपर्यंत त्याचं काम आटोपलेलं असतं.

एका रविवारी मी हे करून पाहिलं. कच्च्या घाणीच्या एकाच पिशवीतलं तेल, प्रत्येकी १०० मिली असे तीन वाटे केले. पहिला कच्चाच ठेवला. दुसरा मध्यम आचेवर तापवला, काडीच्या थर्मामीटरवर १८० दिसलं तशी आच मंद करून दोन मिनिटं तिथेच धरला. तिसरा धूर येईपर्यंत नेला. माझ्या कढईत धुराची पहिली रेघ २३५ च्या आसपास दिसली. म्हणजे पुस्तकातल्या आकड्याच्या थोडी आधीच, पण न गाळलेल्या-न धुतलेल्या घाण्याच्या तेलाचं तसंच असतं. त्यातला बारीक गाळ आणि सुटी आम्लं लवकर धुमसतात. तिन्ही वाटे पूर्ण गार केले आणि उकडलेल्या बटाट्यात फक्त मीठ घालून, प्रत्येकी एक चमचा तेल घालून कालवले. मिरची, कांदा काही नाही, नाहीतर नाकाला काही कळत नाही.

पहिला बटाटा सरळ कपाळात गेला. दुसऱ्यात झणका नव्हता, पण मोहरीची ओळख होती, थोडी गवताळ, थोडी गोडसर. तिसऱ्यातही झणका नव्हता. चव जास्त खमंग, भाजलेल्या दाण्याकडे झुकणारी, आणि मागे एक बारीकशी करपट छटा. वरच्या मजल्यावरच्या बंगाली मावशींना, म्हणजे माशिमांना, कोणता कोणता ते न सांगता तिन्ही चाखायला दिले. कच्च्याला त्यांनी वास घेऊनच बाजूला काढलं ('हा भातावरचा'). उरलेल्या दोनांत त्यांनी तिसरा निवडला. का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "एटा चेना." हा ओळखीचा.

तर हिशोब असा: झणका जाण्यासाठी १८० पुरेसं आहे. धुरापर्यंत नेण्याने वेगळी, जास्त भाजकी चव येते, आणि ज्यांच्या जिभेला तीच मोहरीच्या तेलाची चव म्हणून माहीत आहे, त्यांना ती हवी असते.

४. थर्मामीटर नाही. धूर येऊ न देता नेमकं कुठे थांबायचं?

कढईत दोन पळ्या तेल घाला आणि मध्यम आचेवर नुसतं बघत उभे राहा. मोबाईल बाजूला ठेवा, सगळा खेळ तीन-चार मिनिटांचा आहे.

आधी कडेने बारीक फेस धरतो. घाण्याच्या तेलात थोडी ओल आणि चिकट द्रव्यं असतात, तो फेस त्यांचा. मग वास वर येतो, आणि वाकून पाहिलंत तर डोळ्यांना लागतं. वाकू नका. पुढच्या टप्प्याला फेस विरतो आणि तेल पातळ होतं. कढई थोडी तिरकी केली तर पाण्यासारखं पळतं, पृष्ठभागावर लाटा दिसतात. त्याच सुमाराला रंग बदलतो: गडद सोनेरी, जवळजवळ तांबूस तेल फिकट पिवळं होतं. हा बदल स्टीलच्या किंवा ॲल्युमिनियमच्या कढईत स्पष्ट दिसतो, काळ्या लोखंडीत दिसत नाही. तिथे पळीत थोडं तेल घेऊन उजेडात धरायचं.

फेस विरला, लाटा दिसल्या, रंग उतरला आणि डोळे चुरचुरायचे थांबले, की थांबा. यातली शेवटची खूण सगळ्यात महत्त्वाची. आच मंद करून आणखी एक-दोन मिनिटं द्या आणि पुढे चला. तेल जास्त असेल, म्हणजे तळणाचं अर्धा लिटर वगैरे, तर मंद आचेवरची ही वेळ वाढवा आणि पळीने एकदोनदा ढवळा. खोल कढईत तेलाचा पृष्ठभाग त्याच्या मानाने कमी असतो, त्यामुळे झणका निघायला उशीर लागतो.

५. धूर गरजेचा नाही, तर पिढ्यानपिढ्या लोक तो काढतात कशाला? त्यांना कळत नव्हतं का?

कळत होतं, चांगलंच कळत होतं. चुलीवर, अंधाऱ्या स्वयंपाकघरात, काळ्या लोखंडी कढईत रंगाचा बदल कुणाला दिसणार? धूर दिसतो. ती अशी खूण आहे की नवी सूनही चुकणार नाही: धूर आला म्हणजे तेल नक्की तापलं, झणका नक्की गेला. थोडं जास्त झालं तरी चालेल, कमी नको, असा तो हिशोब.

दुसरं कारण मासे. बंगालमध्ये हे तेल सगळ्यात जास्त कामाला येतं ते मासे तळायला, आणि तिथे तेल कमी तापलेलं असणं फार महाग पडतं. माझा पहिला रुईमासा (आपला रोहू) असाच गेला. तुकडे धुऊन तसेच ओले, हळद-मीठ लावून, जेमतेम गरम तेलात सोडले. तेल फसफसून वर आलं, काठावरून गॅसवर सांडलं, आणि माशाची कातडी कढईलाच राहिली. माशिमांनी नंतर शिकवलं ते असं. चार तुकड्यांना अर्धा चमचा हळद आणि चमचाभर मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी टाकून द्यायचं आणि तुकडे फडक्याने कोरडे टिपायचे. लोखंडी कढईत शंभर मिली तेल धुराच्या पहिल्या रेघेपर्यंत तापवायचं, आच मध्यम-मंद करायची, अर्धा मिनिट थांबायचं, त्यात चिमूटभर मीठ टाकायचं आणि तुकडा कडेवरून, आपल्यापासून लांबच्या दिशेने सोडायचा. दोन-तीन मिनिटं त्याला हात लावायचा नाही. खालची बाजू झाली की तो आपणहून सुटतो; ओढावा लागला तर अजून झालेला नाही.

आता मी हे धुराशिवाय करते, आणि मासा चिकटत नाही. मासा सुटतो तो कोरड्या कातडीमुळे आणि नीट तापलेल्या तेल-कढईमुळे, धुरामुळे नव्हे. पण कढई नीट तापली की नाही याची खात्री नसेल, तर धुराची एक रेघ येऊ द्यायला माझी हरकत नाही.

६. धूर आल्यावर मोहरी-जिरं घातलं की लगेच काळं होतं. काय करू?

गॅस बंद करा आणि मिनिटभर, तेल जास्त असेल तर दोन मिनिटं, थांबा. धुराच्या तेलात पाँचफोरन, म्हणजे बंगाली फोडणीचे पाच अख्खे मसाले, किंवा जिरं टाकलं तर ते फुलायच्या आधीच करपतं. मेथीदाणा तर क्षणात काळा आणि कडू होतो. एक दाणा टाकून पाहायचा. तो तडतडला आणि दोन-तीन सेकंदांनंतरही तपकिरीच राहिला, तर बाकीचं घाला आणि मग गॅस पेटवा. हळद आणि तिखट त्याहून नाजूक. बंगाली बायका ती बहुतेक वेळा पाण्यात कालवून घालतात, त्यामागचं कारण हेच.

७. बंगाली लोक हेच तेल कच्चं भातावर घालून खातात. मग आपणच तापवण्याचा एवढा सोस का करायचा?

जिथे झणका हवा आहे तिथे तापवायचं नाही. आलू-शेद्धो, म्हणजे उकडून कुस्करलेला बटाटा, त्यात कच्चं मोहरीचं तेल, हिरवी मिरची, मीठ आणि चिरलेला कांदा. वाफेच्या भाताबरोबर खातात. वांग्याचं भरीत, बिहारचा लिट्टीबरोबरचा चोखा, झालमुडी, सगळीकडे कच्चंच तेल. भापा इलिशमध्ये तर मोहरी वाटून लावलेला मासा स्टीलच्या डब्यात बंद करतात, वर कच्चं तेल ओततात आणि डबा पाण्यात ठेवून वाफवतात. डबा उघडल्यावर जो वास येतो तो या तेलाचाच, आणि तो तापवलेल्या तेलातून येत नाही.

आणखी एक रीत आहे ती मला फार पटते. तापवलेल्या तेलात भाजी किंवा झोल, म्हणजे पातळ रस्सा, करायचा, आणि गॅस बंद केल्यावर वरून अर्धा चमचा कच्चं तेल घालून झाकण ठेवायचं. खालच्या तेलाने चव धरलेली असते, वरच्याने वास मिळतो.

कच्च्या तेलाचं प्रमाण मात्र सांभाळा. एका माणसाच्या बटाट्याला एक छोटा चमचा पुष्कळ झाला. सवय नसताना भसकन ओतलं तर पोटात जळजळ होते.

८. रिफाइंड मोहरी तेल आणलंय. तेही तापवायचं?

नाही. रिफाइंड करताना त्यातला वास काढून टाकलेला असतो, त्याबरोबर झणकाही गेलेला असतो. नेहमीच्या शेंगदाणा तेलासारखं वापरा. पाकिटावर 'कच्ची घानी' लिहिलेलं असेल तरच हे सगळं पुराण लागू. शंका असेल तर थेंबभर तेल मनगटावर चोळून हुंगा, लगेच कळतं.

९. मंद आचेवर रस्सा तासभर उकळणार आहे. मग तेल आधी नाही तापवलं तरी चालेल ना?

झणका जाईल. रस्सा शंभर अंशांवरच उकळतो, पण वाफेबरोबर तो उडून जातो आणि गरम पाण्यात त्याचं विघटनही होतं. प्रश्न झणक्याचा नाही, कचवटपणाचा आहे. न तापवलेलं तेल रश्श्यात फेस धरतं आणि मागे एक कच्चा, किंचित कडू स्वाद ठेवतं, तो उकळून जात नाही. काश्मिरी स्वयंपाकात मटण तासन्तास शिजवायचं असलं तरी तेल आधी तापवून घेतात, ते याचसाठी. प्रश्न ४ मधली तीन-चार मिनिटं इथेही द्या.

१०. लोणच्यासाठी कच्चं तेल घालू की तापवून गार केलेलं?

दोन्ही रीती चालू आहेत आणि दोन्ही टिकतात, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. आपल्याकडे लोणच्याचं तेल (शेंगदाण्याचं असो की तिळाचं) तापवून, पूर्ण गार करून ओततात. बिहार-उत्तर प्रदेशात कैरीच्या लोणच्यात पुष्कळ घरी मोहरीचं कच्चं तेल घालून बरणी आठ-पंधरा दिवस उन्हात ठेवतात. तो झणका बुरशीला रोखणारा असतो, ही त्याची जमेची बाजू. आणि उन्हात मुरता मुरता तो जिभेलाही मवाळ लागतो.

तेल धुरापर्यंत तापवलंत तर ही जमेची बाजू बऱ्याच अंशी गेली. मग मीठ पुरेसं, फोडी कोरड्या आणि तेलाचा थर फोडींच्या वर दोन बोटं, यांवरच भिस्त. चव घरच्यांना उग्र चालत नसेल तर मी प्रश्न ४ प्रमाणे तापवून गार केलेलं घालते आणि वर मोहरीची डाळ जरा जास्त टाकते. गरम तेल मात्र कधीही ओतू नका. फोडी मऊ पडतात.

११. रोज रोज नको, लिटरभर एकदम तापवून बाटलीत भरून ठेवू का?

ठेवता येतं, पण मी आठवड्याच्या वर पुरेल एवढं तापवत नाही. एकदा कडक तापलेलं तेल कच्च्यापेक्षा लवकर खवट होतं. या तेलात जवसासारखी लवकर खराब होणारी मेदाम्लंही असतात. तापवायचंच तर पाव लिटर, धूर येऊ न देता, पूर्ण गार करून, वरचं निथळून कोरड्या काचेच्या बाटलीत, उजेडापासून लांब. तळाला बसलेला गाळ घेऊ नका. बाटली उघडल्यावर जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर टाकून द्या.

१२. धुरापर्यंत तापवलं की तेल विषारी होतं, असं व्हॉट्सॲपवर आलं. खरं काय?

धुराची एक रेघ दिसली आणि आच कमी केली, यात घाबरण्यासारखं काही नाही. पण धूर म्हणजे तेल तुटायला लागल्याची खूण आहे हेही खरं. त्यात ॲक्रोलिन नावाचं डोळ्या-घशाला झोंबणारं द्रव्य असतं. गंमत अशी की झणका आणि ॲक्रोलिन दोन्ही डोळ्यांनाच लागतात, त्यामुळे 'अजून झणका गेला नाही' असं समजून लोक तेल आणखी तापवत राहतात. दोघांतला फरक असा: धूर दिसायच्या आधी चुरचुरतं ते झणक्याचं, निळसर धूर भरल्यावर घसा खवखवतो ते तेल जळण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फार तापलेल्या तेलात तळताना निघणाऱ्या धुराला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात ठेवलं आहे. म्हणून बंद खोलीवजा स्वयंपाकघरात रोज कढई धुमसवत ठेवू नका. खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा. आणि एकदा धुमसलेलं तेल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा धुमसवू नका. मासे तळून उरलेलं तेल त्याच दिवशी झोलात संपवायचं, ही बंगाली पद्धत उत्तम.

१३. धुरामुळे भेसळ किंवा तेलातले वाईट घटक निघून जातात का?

नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्हींचं उत्तर नाहीच.

भेसळ: मोहरीत पिवळ्या धोतऱ्याचं बी मिसळलं तर त्याच्या तेलाने अंगावर सूज येते, हृदयावर परिणाम होतो. १९९८ मध्ये दिल्लीत अशी मोठी साथ आली होती आणि माणसं दगावली होती. ते तेल लोकांनी स्वयंपाकात तापवूनच वापरलं होतं. सुटं, बिनशिक्क्याचं तेल घेऊ नका, इतकाच यावर इलाज.

इरुसिक आम्ल: मोहरीच्या तेलात याचं प्रमाण बहुधा चाळीस टक्क्यांच्या पुढे असतं. हे वरून मिसळलेलं नसतं, तेलाचाच घटक आहे, त्यामुळे तापवून उडत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत याने हृदयात चरबी साठलेली दिसली, म्हणून अमेरिकेत हे तेल खाद्यतेल म्हणून विकायला परवानगी नाही. तिकडच्या भारतीय दुकानांत बाटलीवर 'फक्त बाह्य वापरासाठी' असं छापलेलं असतं ते याचसाठी. न्यू जर्सीहून दर महिन्याला कुणीतरी विचारतं, "तापवलं की चालेल ना?" तापवण्याचा त्या छापील ओळीशी काही संबंध नाही. खावं की नाही हे हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून ठरवावं.

१४. नॉनस्टिक, इंडक्शन, आणि वाजणारा अलार्म: यांचं काय?

नॉनस्टिकमध्ये धुरापर्यंत जायचंच नाही. धुराचं तापमान त्या लेपाच्या सोसण्याच्या हद्दीला जाऊन भिडतं. इंडक्शनवर तेल फार झपाट्याने तापतं. फेस विरला म्हणेपर्यंत धूर आलेला असतो. मधल्या आकड्यावर ठेवा आणि घाई करू नका. परदेशातल्या फ्लॅटमध्ये धुराचा अलार्म वाजत असेल तर तुमचं उत्तर प्रश्न ४ मध्ये आहे. काडीचं थर्मामीटर घेतलंत तर १८० ला थांबा. लेझरचं बंदुकीसारखं थर्मामीटर चकचकीत कढईत चुकीचं दाखवतं.

तेलाने पेट घेतलाच तर पाणी कधीही नाही. गॅस बंद, वर घट्ट झाकण, आणि कढई हलवायची नाही.

१५. सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, तरी भाजी कडू लागते. चुकलं कुठे?

कडवटपणा कसा आहे ते आधी पाहा. नाकात जाणारा असेल तर तेल कमी तापलं, किंवा कढई भरून होती आणि वेळ कमी दिला. जिभेच्या मागे रेंगाळणारा, जळका कडू असेल तर तेल जास्त तापलं, किंवा मेथीदाणा करपला (प्रश्न ६). तिसरी शक्यता लोक विसरतात: मोहरीचं वाटण. वाटलेली मोहरी गरम तेलात परतली की कडू होते. तिचं वाटण शेवटी, मंद आचेवर घालायचं आणि फार उकळू द्यायचं नाही. वाटताना चिमूटभर मीठ आणि एक हिरवी मिरची घालायची. मला येणाऱ्या 'तेल कडू आहे' या तक्रारींतल्या निम्म्या तरी तेलाच्या नसतात, या वाटणाच्या असतात.

१६. भडंगाला मोहरीचं तेल चालेल का?

सांगलीकरांनी विचारलेला प्रश्न, त्यामुळे टाळता येत नाही. मी केलं आहे. प्रश्न ४ प्रमाणे तापवून, थोडं निववून, त्यात लसूण-शेंगदाणे परतले आणि चुरमुरे घातले. पहिल्या दिवशी बरं लागलं, लसणाखाली तेल लपून गेलं. चौथ्या दिवशी डबा उघडला तर खवटपणाची चाहूल लागली होती, आणि भडंग चौथ्या दिवशी बिघडत असेल तर त्याला भडंग कशाला म्हणायचं. शेंगदाण्याचंच तेल वापरा. मोहरीच्या तेलाची हौस असेल तर त्याच चुरमुऱ्यांत कांदा, उकडलेला बटाटा, हिरवी मिरची, भिजवलेले हरभरे घालून वाटीमागे अर्धा छोटा चमचा कच्चं तेल टाका, डब्यात झाकण लावून हलवा आणि चुरमुरे सादळायच्या आत खा.